तीन शिअर वॉल, एक स्लॅब आणि तीन वेगवेगळी उत्तरं

तुळई
नमस्कार मंडळी. ऑफिसात दोन दिवस वाद चाललाय, म्हणून इथे टाकतेय.

आठ मजली निवासी इमारत, प्रत्येक मजला ३ मीटर, एकूण उंची २४ मीटर. आडव्या दिशेचा भार घ्यायला तीन शिअर वॉल, तिन्ही एकमेकींना समांतर, जाडी सगळ्यांची २०० मिमी. लांबी मात्र ५ मीटर, ३ मीटर आणि २ मीटर. हिशोबाच्या सोयीसाठी बेस शिअर, म्हणजे पायथ्याशी येणारा एकूण आडवा भार, १००० किलोन्यूटन धरू.

आमचे सर लांबीच्या प्रमाणात वाटतात. म्हणजे ५००, ३००, २००. मी कॉलेजात शिकल्याप्रमाणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाटलं: १२५, २७ आणि ८, बेरीज १६०. त्यातून ७८१, १६९ आणि ५० आले. सर म्हणाले, "एवढ्याशा फरकाच्या लांबीला एवढा मोठा फरक कसा येईल?"

मग ईटॅब्स सॉफ्टवेअरमध्ये फक्त तीन भिंती आणि ताठ स्लॅब असं साधं मॉडेल केलं. तुलना सोपी व्हावी म्हणून इमारतीचं फिरणं बंद केलं. ५ मीटरच्या भिंतीत वरच्या मजल्यांवर ७८ टक्क्यांच्या आसपास शिअर दिसतो, म्हणजे माझ्यासारखा. पण तळमजल्यात एकदम ६६ टक्के! ३ मीटरला २५ आणि २ मीटरला ९. हे ना सरांच्या उत्तराशी जुळतं, ना माझ्या. मॉडेलमध्ये चूक आहे का?

स्लॅबवाले_काका
ताई, मी डिझायनर नाही, बांधणारा आहे. पण जू डोळ्यासमोर आणा. एका जुवाला तीन बैल जुंपले, एक खिल्लारी आणि दोन गोऱ्हे. जू वाकत नाही, त्यामुळे तिघांना सारखंच पुढे सरकावं लागतं. मग ओढ कोणाची जास्त? खिल्लाऱ्याची. इथे स्लॅब म्हणजे जू. लांबीने वाटणारे तुमचे सर तिन्ही बैल एका जातीचे धरतायत.

कॅल्क्युलेटर
काकांनी बरोबर सांगितलं. शिअर वॉल म्हणजे जमिनीत रोवलेला कँटिलिव्हर. स्टिफनेस म्हणजे ताठरपणा 3EI/h³, आणि I मध्ये लांबीचा घन येतो. जाडी, उंची, काँक्रीट सगळ्यांचं सारखं असल्यामुळे तेवढं कटतं आणि उरतो L³. ७८१, १६९, ५० हेच उत्तर. वीस वर्षं मी असंच करतोय. ईटॅब्समध्ये तळाला ६६ येत असतील तर बहुतेक मेश खराब आहे, किंवा पायथ्याचा सपोर्ट फिक्स्ड न देता पिन दिलाय. ते तपासा.

खिडकी
चांगला धागा. माझाही प्रश्न याच विषयातला आहे. आमच्या जुन्या बंगल्यात हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधली ९ इंची विटांची भिंत काढायची आहे. लांबी साधारण ११ फूट. ती काढली तर बाकीच्या भिंतींवर लांबीच्या प्रमाणात भार जाईल की घनाच्या?

निवृत्त_आरेखक
खिडकी, तुमचा प्रश्न वेगळा आहे. इथे भूकंप-वाऱ्याच्या आडव्या भाराची चर्चा चाललीय, तुमची भिंत बहुधा वरच्या स्लॅबचं वजन पेलतेय. त्यासाठी आधी तुळई टाकावी लागेल. (धागाकर्तीला नव्हे.) प्रत्यक्ष जागा पाहिल्याशिवाय कोणीही हो-नाही सांगू नये. वेगळा धागा काढा.

आता मूळ प्रश्न. तुळई, तुमचं मॉडेल बरोबर आहे. कॅल्क्युलेटर यांचा घनही बरोबर आहे, पण अर्धाच. भिंत दोन तऱ्हांनी सरकते. एक, वेताच्या छडीसारखी वाकून. दोन, पत्त्यांचा कॅट तिरपा सरकवावा तशी शिअरने. बारीक उंच भिंतीत पहिली तऱ्हा एवढी मोठी असते की दुसरी दिसतच नाही. बुटक्या लांब भिंतीत उलटं. दोन्ही धरून, वरच्या टोकाला P भार लावला तर:

```
Δ·E·t / P = 4(h/L)³ + 3(h/L)
```

Δ म्हणजे माथ्याचं सरकणं, t जाडी, h उंची, L लांबी, E काँक्रीटचा लवचीकता मॉड्युलस. पहिलं पद वाकण्याचं, दुसरं शिअरचं. शिअर मॉड्युलस 0.4E धरलाय, काँक्रीटला ते ठीक आहे. याचा उलटा म्हणजे स्टिफनेस.

५ मीटरची भिंत २४ मीटर उंच धरली तर पहिलं पद ४४२ आणि दुसरं १४ येतं. शिअर नगण्य. पण हीच भिंत एक मजली असती, उंची ३ मीटर, तर पहिलं पद ०.८६ आणि दुसरं १.८. म्हणजे दोन तृतीयांश सरकणं शिअरचं! शिअरच्या पदात लांबीचा घन नाही, नुसती लांबी आहे. म्हणून तुमचे सर अगदी बुटक्या भिंतींसाठी बरोबर ठरतील, आणि तुम्ही उंच भिंतींसाठी. तिन्ही भिंतींसाठी करून पाहा, ३ मीटर उंचीला काय वाटणी येते ते सांगा.

तुळई
केलं. h = ३ धरून: २ मीटरच्या भिंतीला १३.५ + ४.५ = १८. ३ मीटरच्या भिंतीला ४ + ३ = ७. ५ मीटरच्या भिंतीला २.६६. उलटे करून वाटणी केली तर ६५४, २४९ आणि ९७.

अरे! हे तर तळमजल्यात आलेले ६६, २५, ९ च आहेत जवळजवळ. आणि h = २४ धरलं तर ७७७, १७१, ५१ आले, म्हणजे वरच्या मजल्यांवरचे आकडे.

पण इमारत तर २४ मीटरच आहे ना? तळमजला एक मजली इमारतीसारखा का वागतोय?

निवृत्त_आरेखक
हा प्रश्न विचारलात याचा आनंद झाला. मी नोकरीत असताना फार थोड्यांनी विचारला.

काकांचं जू इथे थोडं कमी पडतं. बैलांच्या मानेवर जू एकाच ठिकाणी बसतं. इथे आठ ठिकाणी आठ जुवं आहेत, प्रत्येक मजल्याला एक. तिन्ही भिंतींना फक्त माथ्यावर नाही, प्रत्येक स्लॅबला सारखंच सरकावं लागतं.

आता पायथ्याजवळ काय होतं बघा. पायथा फिक्स्ड आहे, तिथे कुठल्याच भिंतीला अजून कल आलेला नाही. वाकण्याने होणारं सरकणं पायथ्यापासून उंचीच्या वर्गाने वाढतं, म्हणजे पहिल्या तीन मीटरमध्ये अगदी थोडं. शिअरचं सरकणं मात्र पहिल्या इंचापासून सरळ रेषेत वाढतं. म्हणजे तळाशी शिअरचाच वरचष्मा.

समजा तळमजल्यातही ५ मीटरच्या भिंतीने ७७७ घेतले. दर मीटर लांबीला १५५. आणि २ मीटरच्या भिंतीने ५१ घेतले, दर मीटरला २५. म्हणजे मोठी भिंत शिअरने छोटीच्या सहापट तिरपी होऊ पाहते. पहिला स्लॅब ते होऊ देत नाही. तो मोठ्या भिंतीला मागे ओढतो आणि छोट्यांना पुढे ढकलतो. त्यामुळे मोठीचा वाटा ७८ वरून ६६ वर येतो. वर गेलं की वाकण्याचं सरकणं जोर धरतं आणि घनाचा नियम लागू होतो. तुमच्या दुसऱ्या मजल्यात ५ मीटरला किती टक्के आहेत?

तुळई
७७. म्हणजे एका मजल्यातच गाडी रुळावर आली.

निवृत्त_आरेखक
यायलाच हवी. तुमच्या भिंतींसाठी हा परिणाम दीड-दोन मीटरमध्ये विरतो. आता त्याच मॉडेलमधून दोन गोष्टी काढा. पहिली, पायथ्याचा मोमेंट, म्हणजे भिंतीला वाकवणारा जोर, कसा वाटलाय. दुसरी, ५ मीटरच्या भिंतीत पहिल्या स्लॅबच्या वर आणि खाली शिअर किलोन्यूटनमध्ये किती आहे.

तुळई
पायथ्याच्या मोमेंटमध्ये ५ मीटरच्या भिंतीचा वाटा ७६ टक्के. शिअर ६६ पण मोमेंट ७६!

स्लॅबच्या वर ७४७, खाली ६५९.

निवृत्त_आरेखक
आता खरं कारण कळेल मी एवढं का ताणतोय. मोमेंट हा सगळ्या मजल्यांच्या शिअरची उंचीगणिक बेरीज असतो. एका मजल्यात वाटा कमी झाला म्हणून मोमेंट फारसा हलत नाही. ज्याने तळमजल्याचे ६६ टक्के बघितले आणि मोमेंटही ६६ टक्क्यांना डिझाइन केला, त्याच्या मोठ्या भिंतीच्या टोकांना सळई कमी पडणार. उलट ज्याने घनाने वाटलं त्याच्या छोट्या भिंतींत तळाला शिअर कमी पडणार: घनाने ५० आणि १६९, प्रत्यक्षात ९० आणि २५०. २ मीटरच्या भिंतीला जवळजवळ दुप्पट.

आणि ते ७४७ चे ६५९. स्लॅबच्या एका पातळीला भिंतीतले ८८ किलोन्यूटन गायब झाले. गेले कुठे? स्लॅबमधून दुसऱ्या भिंतींत. तुमच्या मॉडेलमध्ये स्लॅब ताठ धरलाय, त्यामुळे प्रोग्राम स्लॅबमधला ताण दाखवणारच नाही. पण जागेवर ते ८८ किलोन्यूटन भिंतीला लागून असलेल्या स्लॅबच्या सळईतूनच जाणार आहेत. नेमकं तिथेच जिना नाहीतर डक्ट असला तर?

स्लॅबवाले_काका
डक्ट असतोच. भिंतीला चिकटूनच असतो, प्लंबरला तेच सोयीचं. मागच्या साइटवर शिअर वॉलच्या अर्ध्या लांबीला स्लॅब लागतच नव्हता, एका बाजूला लिफ्ट आणि दुसऱ्या बाजूला डक्ट. मी डिझायनरला विचारलं तर म्हणाले, "ड्रॉइंगप्रमाणे करा." जू मानेवर बसलंच नाही तर बैल ओढणार काय!

कॅल्क्युलेटर
मान्य, तळाचा शिअर मी धरत नव्हतो. पण आरेखक साहेब, १० मजल्यांच्या वरच्या इमारतीत कोण एवढं बघतं? आणि कॉलम-तुळयांची फ्रेम मॉडेलमध्ये घातली की हे सगळं पुसलं जातं.

निवृत्त_आरेखक
पुसलं जात नाही. दोन परिणाम एकावर एक चढतात आणि ओळखू येत नाहीत. फ्रेम वरच्या मजल्यांत भिंतींना मागे ओढते, हा वेगळा किस्सा. म्हणूनच तुळईंनी केलं तसं आधी नुसत्या भिंतींचं मॉडेल करून बघावं. तिथे हाताचा हिशोब जुळला की मग बाकीचं घालावं.

एक चूक मात्र नेहमी दिसते, सांगून ठेवतो. काही जण वरचं सूत्र दोन्ही टोकांना जखडलेल्या भिंतीचं वापरतात, म्हणजे ४ च्या जागी १, आणि h एका मजल्याचा. त्याने तुमच्या भिंतींना ५६८, २८६, १४५ येतं. दाराखिडक्यांच्या मधल्या बुटक्या पट्ट्यांसाठी, वर-खाली जाड तुळई असेल तर, ते ठीक आहे. सरळ उभ्या भिंतीला पातळ स्लॅब असा जखडून ठेवू शकत नाही.

सातारी_मुरूम
माझा अनुभव वेगळाच आहे. आमच्याकडे पाच मजली इमारत होती, लांब भिंत नेमकी प्लॉटच्या हद्दीवर. शेजाऱ्याच्या बाजूला फुटिंग काढता येईना, म्हणून अरुंद ठेवलं. डिझायनरने सगळे सपोर्ट फिक्स्ड धरले होते. चेकिंगला दिलं तर तपासणाऱ्याने मातीच्या स्प्रिंग घालायला लावल्या आणि लांब भिंतीचा वाटा धाडकन खाली आला. छोट्या भिंतींची सळई वाढवावी लागली, त्यात महिना गेला. तुळईताई, तुमची ५ मीटरची भिंत कुठे आहे?

तुळई
एका टोकाला, जिन्याशेजारी. हद्दीपासून दीड मीटरवर. फुटिंग २ मीटर रुंद आणि ६ मीटर लांब बसवलंय. ३ मीटरच्या भिंतीला २.५ बाय ५, आणि २ मीटरच्या भिंतीला २ बाय ४. खाली मुरूम आहे, अहवालात सबग्रेड मॉड्युलस, म्हणजे मातीचा दबण्याला विरोध, ३०,००० किलोन्यूटन प्रति घनमीटर दिलाय.

निवृत्त_आरेखक
सातारकर, बरं झालं बोललात. मी त्याच्याकडेच येणार होतो.

एम ३० काँक्रीट धरून माथ्यावर १०० किलोन्यूटन लावा. ५ मीटरची भिंत स्वतः वाकून आणि शिअरने मिळून साधारण ८ मिमी सरकते. आता त्या २ बाय ६ च्या फुटिंगखाली मुरूम दबतो, फुटिंग थोडं फिरतं आणि त्या फिरण्याने माथा ५३ मिमी जातो! भिंत ताठ, पण ती ज्यावर उभी आहे ते ताठ नाही. लोखंडी खांब भुसभुशीत मातीत रोवावा तसं.

छोट्या भिंतींनाही हे होतंच. ३ मीटरची स्वतः ३८ आणि फुटिंगमुळे ७४. २ मीटरची स्वतः १२७ आणि फुटिंगमुळे १८०. पण त्यांच्या बाबतीत फुटिंगची भर साधारण दीड-दोन पट, आणि मोठीच्या बाबतीत साडेसहा पट. त्यामुळे वाटणी बदलते: १००० पैकी ५७०, ३१५ आणि ११५. म्हणजे ३ मीटरच्या भिंतीवरचा भार १७१ वरून जवळजवळ दुप्पट.

गंमत म्हणजे मोठ्या भिंतीला ३ बाय ८ चं फुटिंग मिळालं असतं, तर फिरणं सगळीकडे साधारण त्याच प्रमाणात वाढलं असतं आणि वाटणी परत ७८ टक्क्यांवरच राहिली असती. म्हणजे "माती मऊ आहे म्हणून वाटणी बदलते" असं नाही. भिंतींच्या प्रमाणात फुटिंगं नाहीत म्हणून बदलते. सगळ्यांखाली एक जाड राफ्ट असेल तर पुन्हा नव्याने बघावं लागेल.

तुळई
बाप रे. म्हणजे सरांच्या ५००-३००-२०० च्या बरंच जवळ गेलं!

कॅल्क्युलेटर
सरांना सांगू नका 😄 चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर.

निवृत्त_आरेखक
उत्तरही बरोबर नाही. २ मीटरला २०० कुठे आणि ११५ कुठे. शिवाय हा फुटिंगचा हिशोब माथ्यावरच्या भारासाठीचा आहे, तळमजल्यातला शिअर पुन्हा वेगळा निघेल.

आणि त्याहून मोठा धोका अजून कोणी काढलेला नाही. तुळई, तुम्ही इमारतीचं फिरणं बंद करून मॉडेल केलंत. बाकीच्या दोन भिंती कुठे आहेत?

तुळई
५ मीटरची एका टोकाला, तिथून १२ मीटरवर ३ मीटरची, २० मीटरवर दुसऱ्या टोकाला २ मीटरची. इमारत २० मीटर लांब, वजनाचं केंद्र साधारण मध्यावर, म्हणजे १० मीटरवर.

निवृत्त_आरेखक
आता काढा. घनाच्या वाटणीने ताठरपणाचं केंद्र मोठ्या भिंतीपासून ३ मीटरवर येतं. लांबीच्या वाटणीने ७.६ मीटरवर. वजनाचं केंद्र १० वर. म्हणजे तुमच्या सरांच्या हिशोबात भार २.४ मीटर बाजूला पडतो, आणि खरं तर ७ मीटर. इमारत मोठ्या भिंतीभोवती दारासारखी फिरणार आणि २ मीटरची भिंत सगळ्यात जास्त फरफटणार. आयएस १८९३ मध्ये तर त्या अंतराची दीडपट आणि वर लांबीच्या ५ टक्के धरायला सांगितलंय. ७ मीटरचे साडेअकरा होतात.

लांबीने वाटणाऱ्याचा खरा तोटा हा. भिंतीवरचा आकडा चुकतो ते एक वेळ सळईने भरून निघेल, पण मुरड दिसतच नाही.

सातारी_मुरूम
म्हणजे मोठ्या भिंतीचं फुटिंग मऊ झालं तर मुरड कमी होते?

निवृत्त_आरेखक
होते. ५७०, ३१५, ११५ ने केंद्र ६ मीटरच्या थोडं पुढे येतं. पण म्हणून कोणी फुटिंग मुद्दाम मऊ ठेवत नाही. मी असतो तर ५ मीटरची भिंत दोन तुकड्यांत विभागली असती, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला. आर्किटेक्ट ऐकेल तर.

कॅल्क्युलेटर
एक शंका. आपण सगळं लवचीक स्थितीत वाटतोय. मोठ्या भूकंपात भिंतींना तडे जाणार आणि सळई वाहणार, म्हणजे ताणून कायमची लांबणार. लांब भिंतीची सळई आधी वाहते ना? फे ५०० ची सळई धरून हिशोब केला, तर ५ मीटरची भिंत माथा साधारण १९० मिमी सरकल्यावर वाहते. २ मीटरची त्यासाठी ४८० मिमी सरकावी लागते. म्हणजे मोठी वाहायला लागली तेव्हा छोटी तिच्या क्षमतेच्या ४० टक्क्यांवर आहे. त्यानंतर मोठी जास्त घेणारच नाही, वाढीव सगळं छोट्यांवर. मग ७७७ आणि ५१ ला अर्थ काय उरला?

निवृत्त_आरेखक
चांगला मुद्दा, आणि यात मी तुमच्याशी अर्धाच सहमत आहे. वाहणं हे लांबीवर ठरतं, सळई किती घातली यावर फारसं नाही, हे खरं. त्यामुळे काही जण म्हणतात, सळईचं प्रमाण तिन्ही भिंतींत सारखं ठेवा आणि वाटणी ताकदीच्या प्रमाणात, म्हणजे लांबीच्या वर्गाने धरा. ते २५, ९ आणि ४ होतं: ६५८, २३७, १०५. मला ते वाहून गेल्यानंतरच्या स्थितीसाठी पटतं. पण कोड अजून लवचीक विश्लेषणावरच चालतो, आणि छोट्या धक्क्यात इमारत लवचीकच राहते.

माझा जुना शिरस्ता: मोठी भिंत तिच्या जास्तीत जास्त वाट्याला, छोट्या भिंती त्यांच्या जास्तीत जास्त वाट्याला. बेरीज १००० च्या पुढे जाऊ दे.

स्लॅबवाले_काका
सळईचं बिल कोण भरतो साहेब? 😀

कॅल्क्युलेटर
तेच म्हणतोय. फिक्स्ड पायथा, स्प्रिंग, लवचीक, वाहिलेली, सगळ्यांचा कमाल आकडा घेतला तर २ मीटरची भिंत काढून टाकणंच स्वस्त पडेल. मला वाटतं एक वास्तव मॉडेल करून त्यावर विश्वास ठेवावा.

निवृत्त_आरेखक
वास्तव मॉडेल म्हणजे कुठलं? मुरमाचे ३०,००० अहवालात लिहिलेत म्हणून? मी १५,००० आणि ६०,००० दोन्ही चालवून बघेन. पण ठीक आहे, यावर आपलं जमणार नाही.

तुळई
सर आत्ता येऊन बसलेत, धागा वाचतायत. मुरडीच्या ७ मीटरपाशी थांबले आणि आर्किटेक्टला फोन लावला. मी फिरणं सुरू करून मॉडेल परत चालवते. २ मीटरच्या भिंतीत काय येतं ते उद्या टाकते.

खिडकी
वेगळा धागा काढला आहे. आरेखक साहेब, जमल्यास तिकडे या. भिंतीच्या वर तुळई नाहीये.